'पार्वे'ला मराठीत काय म्हणावं?

ओवी: ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे केलेल्या, म्हणजे कोशेर, स्वयंपाकात मटणाचं, दुधाचं आणि 'पार्वे' असे तीन प्रकार असतात. पार्वे म्हणजे मटणही नाही, दूधही नाही. 'शाकाहारी' चालेल?

जुना_वाचक: नाही. अंडी आणि सुरमई पार्वे आहेत. उलट तुपातला शिरा शाकाहारी आहे, पण पार्वे नाही. आपल्याकडच्या मराठी ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायली, घरांत मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात होतो. नावात 'दूध' असलं तरी ते पार्वेच.

गौरी: मग 'सोवळं' घ्या की! भांडी वेगळीच असतात ना?

जुना_वाचक: निम्मंच जुळतं. सोवळं नुसत्या स्पर्शाने मोडतं, इथे मुख्य प्रश्न उष्णतेचा आहे. कढत रस्सा पातेल्यात मुरतो असं धरतात, म्हणून त्यात दूध तापवायचं नाही. थंड पनीर चुकून मटणाच्या स्वच्छ, कोरड्या वाटीत पडलं, तर काढून वाटी धुतली की झालं. अपवाद कांद्या-लसणासारख्या झणझणीत जिनसांचा. मटणाच्या सुरीने कच्चा कांदा चिरला की तो थंड असूनही मटणाच्या बाजूचा झाला, पनीरच्या भाजीत घालायचा नाही. विळी-सुऱ्या वेगळ्या ठेवतात त्या म्हणूनच.

माधव६२: आम्ही कांदा-लसूणही खात नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला. अशा घरी रविवारी जेवायला जायचंय, तर नारळी भात नेतो.

जुना_वाचक: नारळी भातात तूप आहे. जेवणात मटण असेल तर तो त्याच्यासोबत वाढता येणार नाही, पुष्कळ घरांत नंतरही सहा तास थांबतात. तेलात केलात तरी पातेलं तुमचंच. त्यात कधी चीज वितळलं असेल आणि ते वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध गोठवून केलेलं असेल, तर यजमानांपुढे पेच. अख्खी, न कापलेली फळं न्या. बंद पुडा नेलात तर कोशेरचं चिन्ह बघून घ्या. गोलातल्या यूशेजारी डी असेल तर तो दुधाच्या बाजूचा समजा. आणि तिथे गेल्यावर काहीही स्वतःहून त्यांच्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.

गौरी: पण माझ्या ओळखीतले बेने इस्रायली शाकाहारी घरी सर्रास जेवतात.

जुना_वाचक: जेवतात, खरंय. काही घरं भांड्यांपर्यंत बघतात, काही फक्त पदार्थापुरतं. म्हणून आधी फोन करून विचारायचं, आणि 'काय आणू?'च्या आधी 'त्या दिवशी मटण आहे की दुधाचं?' हे विचारायचं.

माधव६२: बरं, केळी नेतो. सोलून नेऊ का?

जुना_वाचक: नका. साल असू दे.

ओवी: मग शब्दाचं काय? 'मधलं' म्हणू?

गौरी: 'मधलं' म्हटलं की मधाचं वाटतं. 'तटस्थ' बरा.

जुना_वाचक: तटस्थ तटस्थच राहतो. पार्वे अंडं मटणाच्या तव्यात तळलं की ते दह्याबरोबर खात नाहीत. मी 'पार्वे'च लिहीन.