मदत हवी आहे: मोबाईलवरून पेटीचा ऑनलाइन क्लास

नमस्कार मंडळी, मी झूमवर मुलांना पेटी शिकवते, लागोपाठ दोन बॅच असतात, सगळं फोनवरच. आधी लांब सूर धरला की दोन-तीन सेकंदांत मुलांना आवाज बारीक होत गायब व्हायचा, कारण अॅपला तो सलग सूर पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. सेटिंगमध्ये Original Sound चालू केल्यावर सूर नीट जातो पण आता पंखा, भात्याची खटखट सगळंच ऐकू जातं, म्हणून टाइप-सीचा कॉलर माइक घेतला. तर आता माइकने चार्जिंगची जागाच अडवली, आणि दुसऱ्या बॅचच्या मध्यात बॅटरी १५ टक्क्यांवर येते. चार्जिंग आणि माइक दोन्ही एकत्र चालेल असा स्प्लिटर कोणी वापरलाय का, त्यात गुणगुण येते का? की सरळ वायरलेस माइक घ्यावा, पण त्याचाही रिसीव्हर फोनलाच लागतो ना?

स्टँडचंही सांगा. लवचिक दांड्याचा आहे, पेटीच्याच टेबलाला क्लॅम्प केलाय, त्यामुळे भाता मारला की चित्र हलतं. बोटं वरून दिसायला हवीत, जमिनीवर ठेवायचा आडव्या दांड्याचा कोणता घेऊ?

उजेड ठीक आहे, फक्त वरच्या ट्यूबची चमक पांढऱ्या पट्ट्यांवर पडते, बाजूने दिवा लावला तर जाईल का? आणि वायफाय नाही, रोजच्या दीड जीबीत दोन तास बसत नाहीत, मुलांना कॅमेरे बंद ठेवायला सांगितलं तर माझा डेटा खरंच वाचेल ना?