मायक्रोवेव्हमधली खिचडी: वाटी कोमट, आत चटका

«बाळाला भरवायला फ्रिजमधली मऊ खिचडी २० सेकंद गरम केली. वाटी कोमटच होती, पण मधला घास चटका बसेल इतका गरम. असं का?»

मायक्रोवेव्हच्या लहरी खिचडीत सगळीकडे सारख्या पोहोचत नाहीत. काही जागी जास्त ऊर्जा मिळते, काही जागा थंडच राहतात. पातळ वरणात उष्णता हलते-पसरते, पण घट्ट खिचडीत ती जिथल्या तिथे अडकते. काचेची वाटी स्वतः फारशी तापत नाही, म्हणून वाटीला हात लावून काहीच कळत नाही.

अर्धी वाटी खिचडी असेल तर दोन चमचे पाणी घालून सैल करा, पसरट काचेच्या वाटीत घ्या आणि १५-१५ सेकंदांनी थांबून ढवळा. कडेचं आणि तळाचं खरवडून मध्ये आणायचं, नुसतं वरवर फिरवायचं नाही. सगळीकडून वाफ आली की बाहेर काढा, पुन्हा ढवळा आणि निवू द्या. कोमट झाल्याबरोबर लगेच थांबू नका, कारण मध्ये थंड राहिलेली खिचडी नीट तापलेली नसते.

भरवण्याआधी शेवटचं एकदा ढवळून मधला थोडा घास वेगळ्या चमच्याने मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. गरम किंवा गार असं काहीच जाणवलं नाही तर बरोबर. वरचा थर तपासून उपयोग नाही, तो सगळ्यात आधी निवतो. उरलेली खिचडी पुन्हा गरम करू नका.

बाटलीतलं दूध मात्र मायक्रोवेव्हमध्ये नकोच. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा.