सीपीआर करताना काय मोजायचं: सलग तीस की दहा-दहा?

कागदवाला: कामाच्या जागी भिंतीवर लावायला सीपीआरच्या, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याच्या, सूचना मराठीत लिहितोय. वाचणाऱ्यांनी कधी प्रशिक्षण घेतलेलं नाही. मूळ मजकुरात "छाती ३० वेळा दाबा, मोठ्याने मोजा" एवढंच आहे. माझं मत असं, की मराठीत सलग तीसपर्यंत मोजायला लावू नये, दहा-दहा लिहावं. सहकारी म्हणतो, आहे तसं ठेव. तुम्ही काय म्हणाल?

सरळरेषा: सहकाऱ्याच्या बाजूने. तीसपर्यंत आकडे न येणारा मोठा माणूस दाखवा. दहा-दहा केलंत की दुसरं दशक चालू होतं की तिसरं, हा नवा घोळ. घाबरलेल्या माणसाला आणखी एक हिशोब कशाला?

रात्रपाळी: आकडे येतात की नाही हा प्रश्नच नाही. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता हे शिकवते. पुतळ्यावर लोक मोजत दाबतात तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघते. हात तोंडामागे जातात. एक, दोन, तीन, चार, पाच हे झटक्यात तोंडातून निघतात आणि दाबही तसाच पडतो. बावीस-तेवीसपर्यंतही निभावतं. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस इथे धाप लागलेला माणूस अडखळतो, आकडा लांबतो आणि दोन दाबांमधलं अंतर वाढतं. काही जण उलट करतात. आकडा गिळून टाकतात आणि हात नुसते भराभर चालवतात, मग छाती नीट खाली जात नाही.

वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. म्हणजे एका दाबाला साधारण अर्धा सेकंद. तेवढ्यात एकोणतीस म्हणून बघा, तेही वाकून, दोन्ही हातांवर भार टाकून.

सरळरेषा, दशक विसरायची तुमची शंका रास्त आहे. त्यावर मी असं शिकवते: दहावा आकडाच बदलायचा.

एक दोन तीन चार पाच, सहा सात आठ नऊ दहा
एक दोन तीन चार पाच, सहा सात आठ नऊ वीस
एक दोन तीन चार पाच, सहा सात आठ नऊ तीस

वेगळा हिशोब नाही. कुठे आहोत ते दहाव्या दाबाला आपोआप कळतं.

ताल_धरा: आकडे हवेतच कशाला? "दाबा-सोडा, दाबा-सोडा" लिहा. सोडायचं असतं हे लोक विसरतात, तेही त्यात येतं. किंवा फोनवर ठरावीक वेगाने टिकटिक करणारं मेट्रोनोम मिनिटाला ११० वर लावा, विषय संपला.

रात्रपाळी: सोडणं महत्त्वाचं आहे, हे शंभर टक्के बरोबर. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, मग पुढच्या दाबाला ढकलायला काही उरतच नाही. पण प्रत्येक दाबाला दोन शब्द, म्हणजे मिनिटाला दोनशेच्या वर शब्द. दाबणारा ते बोलूच शकत नाही. तो सावकाश बोलतो आणि हातही सावकाश चालतात. म्हणून आकडा दाबावर आणि सोडणं दोन आकड्यांच्या मधल्या फटीत. कागदावर "प्रत्येक आकड्यानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, हात उचलू नका" असं एकदा लिहिलं की पुरे.

मेट्रोनोम शिकताना उत्तम. प्रसंगात फोन मदत केंद्राशी बोलण्यात अडकलेला असतो, त्यात अ‍ॅप शोधत बसू नये.

दुसरा_मजला: तुमचं मोजण्यावर चाललंय, आमच्याकडे मोजायची वेळच आली नाही. सासरे खुर्चीतून कोसळले. हाक मारली, हलवलं, उत्तर नाही. पण मधूनमधून मोठा श्वास ओढत होते, घोरल्यासारखा आवाज येत होता. आम्ही म्हटलं, श्वास चालू आहे, छातीला हात कसा लावायचा? पाणी शिंपडलं, पाय चोळले. रुग्णवाहिकेतल्या माणसाने येताक्षणी त्यांना जमिनीवर आडवं घेऊन दाबायला सुरुवात केली. वाचले नाहीत. तो श्वास नव्हताच, हे नंतर कळलं.

रात्रपाळी: हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ते आचके. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं अनेकांना येतात, आणि बघणारा फसतो. कागदवाले, मोजणीच्या वर ठळक लिहा: "उत्तर नाही, आणि श्वास नाही किंवा नुसते आचके: सुरू करा." "श्वास तपासा" एवढंच लिहिलंत तर दहातले कितीतरी जण आचक्यांना श्वास धरतील. आणि बघायला दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका.

सरळरेषा: दहा-वीस-तीसची युक्ती मान्य. पण मग दुसरा प्रश्न. प्रशिक्षण नसलेल्याने तोंडाने श्वास द्यायचा नाही, नुसतं दाबत राहायचं, असंच सांगतात ना? मग तीसवर थांबायचंच नाही. तीस लिहिलंत की माणूस तिथे थबकणार. सरळ दहा-दहा लिहा, वीस-तीस उडवा.

तलावाकाठी: उडवू नका. मी पोहायला शिकवतो. बुडालेल्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे थांबतं, त्याच्या रक्तात ऑक्सिजनच उरलेला नसतो. तिथे नुसतं दाबून काय फिरवणार? लहान मुलांचंही बहुधा तसंच. तिथे तीस दाब आणि दोन श्वास लागतात.

सरळरेषा: हा कागद तलावाकाठी नाही, कामाच्या भिंतीवर लागणार आहे. तिथे मोठी माणसं अचानक कोसळतात. सगळ्यांसाठीचा कागद कुणीच वाचत नाही.

रात्रपाळी: इथे मी मधे आहे. मोठ्यांच्या कागदावर श्वास नसले तरी चालतील, पण तीस राहू दे. "तीस, लगेच एक" असं जोडून लिहा, म्हणजे थबकणार नाहीत. तीसचा दुसरा उपयोग वेग कळायला होतो. एका दशकाला पाच ते सहा सेकंद, तीसला पंधरा ते अठरा. वीस सेकंद लागले तर हात मंद आहेत, बारात संपले तर घाई चाललीय. शेजारी उभ्या माणसाने घड्याळ बघून सांगावं. खरं तर मोजायचं कामही त्यालाच द्यावं. दाबणाऱ्याचा दम वाचतो आणि ताल एकसारखा राहतो. दोन मिनिटांनी दोघांनी जागा बदलायची, कारण दमलेल्याचा दाब उथळ होतो आणि ते त्याच्या लक्षात येत नाही.

कागदवाला: आत्तापर्यंत असं झालंय:

उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके? फोन लावा, स्पीकरवर ठेवा. कुणाला तरी एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पाठवा. कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. पाच सेंटिमीटर खाली दाबा, सहाच्या पुढे नको. मग आकड्यांच्या तीन ओळी. खाली: "तीस, लगेच एक. मदत येईपर्यंत थांबू नका."

ताल_धरा: पाच सेंटिमीटर त्या क्षणी कोण मोजणार? "जोरात" लिहा.

रात्रपाळी: दोन्ही लिहा. नुसतं "जोरात" लिहिलं तर बहुतेक जण भीतीने कमीच दाबतात. आणि बरगडी कडकन वाजली तरी थांबू नका, हेही लिहा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला की हात आपोआप मागे येतो.

तलावाकाठी: मी माझा कागद वेगळा करतो, श्वासांसकट. पण तिथे तीसनंतर "लगेच एक" चालणार नाही. त्या ओळीच्या जागी काय लिहू?

सरळरेषा: "तीस, दोन श्वास, एक." आणि श्वासांमुळे दाबणं दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू देऊ नका. कामाच्या भिंतीवर मात्र हे नकोच, यावर मी ठाम आहे.