प्रति: पायऱ्या ०.३ पाशी का अडकतात?

«बेंझीन-टोल्युइन, सापेक्ष बाष्पशीलता २.५, फीड ०.५ (उत्कलनबिंदूवरील द्रव), वर ०.९५, तळाशी ०.०५, रिफ्लक्स गुणोत्तर २. माझ्या पायऱ्या ०.३ च्या पुढे जातच नाहीत. समतोल वक्र चुकला का?»

ऊर्ध्वपातन स्तंभाच्या मॅककेब-थील आकृतीतला आपला वक्र बरोबर असावा. आपण फीडनंतरही वरच्याच कार्यरेषेवर उतरत राहिला आहात, असे दिसते. ती रेषा समतोल वक्राला, द्रवातील बेंझीनचा मोल-अंश x = ०.२९९ असतो तिथे, छेदते, त्यामुळे तिच्या आधाराने काढलेल्या पायऱ्या त्या बिंदूकडे सरकताना लहान लहान होत जातात आणि तो कधीच ओलांडत नाहीत.

०.९५ पासून आडवी रेषा वक्रापर्यंत आणि तिथून उभी रेषा कार्यरेषेपर्यंत काढत गेल्यास द्रवाचे x अनुक्रमे ०.८८४, ०.७९४, ०.६८७, ०.५७९ आणि ०.४८६ येते. पाचव्या पायरीने ०.५ ओलांडले, म्हणून फीड तिथेच द्यावे आणि पुढची उभी रेषा (०.०५, ०.०५) व (०.५, ०.६५) यांना जोडणाऱ्या खालच्या कार्यरेषेपर्यंत न्यावी. मग ०.४०६, ०.३०७, ०.२०५, ०.१२१, ०.०६४ आणि ०.०२८ मिळतात.

दहाव्या पायरीला ०.०५ गाठले जात नाही, अकराव्या पायरीला ते ओलांडले जाते. अंशतः मोजल्यास सुमारे १०.४ टप्पे होतात. यातला एक टप्पा रिबॉयलरचा असतो, हे मात्र अनेकदा विसरले जाते. स्तंभातील सैद्धांतिक ताटे त्यामुळे सुमारे ९.४ च धरावीत.