प्लीहा आहे, पण निकामी

«शस्त्रक्रिया झालेली नाही, प्लीहा जागेवर आहे; मग सिकलसेल असलेल्या मुलीला न्यूमोकोकसची जादा लस कशाला?»

सिकलसेलच्या एसएस प्रकारात विळ्यासारख्या तांबड्या रक्तपेशी प्लीहेच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि ती बहुधा पाचव्या वर्षापर्यंत आक्रसते. माझ्या भाच्याच्या नागपुरातल्या सोनोग्राफीत ती जेमतेम दिसली. न्यूमोकोकस या जंतूभोवती शर्करेचे निसरडे कवच असल्याने भक्षक पेशींना तो सहज धरता येत नाही, आणि प्रतिपिंडांचा लेप न चढलेले असे जंतू रक्तातून गाळण्याचे काम मुख्यतः प्लीहेचेच. लशीमुळे हा लेप लवकर चढतो, म्हणून यकृतही त्यांना टिपू शकते. मात्र लशीत या जंतूचे सगळे उपप्रकार नसतात. त्यामुळे भाच्याला पाच वर्षांचा होईपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन दिले, आणि ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला की मध्यरात्रीही रुग्णालय गाठले, कारण हा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.