मदत हवी आहे: पाण्याच्या बार चार्टमध्ये आमची विंग तिप्पट कशी दिसतेय?

बाणेरकर_बी_विंग

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे कारण रविवारी सोसायटीची एजीएम आहे. चार विंग आहेत, प्रत्येकीत ५६ फ्लॅट, मागच्या वर्षी प्रत्येक विंगला वेगळा पाण्याचा मीटर बसवला. आता कमिटीने व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बार चार्ट टाकलाय, फ्लॅटमागे रोजचा सरासरी वापर लिटरमध्ये. बारच्या डोक्यावर आकडे आहेत: ए ४८६, बी ५१२, सी ४९४, डी ४७८. डावीकडच्या उभ्या अक्षावर काहीच नाही, तो पुसून टाकलाय की मुळात नव्हताच ते माहीत नाही.

आता आकडे बघितले तर सगळे पाचशेच्या आसपास, पण चित्रात आमच्या बी विंगचा बार डी विंगच्या जवळपास तिप्पट उंच आहे. ग्रुपवर लगेच सुरू झालं, बी विंगवाले गाड्या पाइपने धुतात, बी विंगला टँकरचं वेगळं बिल लावा वगैरे वगैरे. एका काकांनी तर "तिप्पट पाणी वापरता, लाज वाटत नाही का" असं लिहिलं, आकडे डोळ्यासमोर असताना! माझा प्रश्न एवढाच की हे नक्की कशामुळे होतंय, आणि एजीएममध्ये दोन मिनिटांत लोकांना पटेल असं कसं सांगायचं. चार्ट कोणी मुद्दाम असा केला असं म्हणायचं नाहीये, पण तसं असेल तर कळतं का?

सदाशिवपेठी

आकडे स्पष्ट लिहिलेत ना? मग फसवणूक कसली. वाचता येत असेल त्याने वाचावं. उगाच कमिटीवर संशय घ्यायची पुण्यात फॅशन झालीये.

मृदुला_ताई

आमच्याकडे वारज्याला पण असंच, पण आमचा मीटरच उलटा फिरायचा, हवा आली की आकडा पळायचा. तुम्ही आधी मीटर तपासून घ्या, एअर व्हॉल्व्ह आहे का बघा. चार्टचं नंतर बघता येईल.

आकडेमोड

मृदुला ताई, मीटरचा मुद्दा बरोबर आहे पण त्यांचा प्रश्न चित्राचा आहे. @बाणेरकर, एक काम करा, फोटो कागदावर छापून घ्या आणि बी आणि डीचा बार पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, तळापासून टोकापर्यंत. बाकी काही लागत नाही, अक्ष पुसलेला असला तरी तो कुठून सुरू झाला ते यातून काढता येतं.

बाणेरकर_बी_विंग

मोजलं. बी ६५ मिमी, डी साधारण २२ मिमी.

आकडेमोड

मस्त. आता बघा, दोन बारमध्ये फरक ४३ मिमीचा आणि आकड्यांत फरक ५१२ वजा ४७८ म्हणजे ३४ लिटरचा. म्हणजे या चित्रात १ मिमी म्हणजे साधारण ०.७९ लिटर. मग बीचा ६५ मिमीचा अख्खा बार दाखवतोय किती, तर साधारण ५१ लिटर. पण वापर तर ५१२ आहे, मग उरलेले ४६० कुठे गेले? ते चित्रात काढलेलेच नाहीत. चार्टचा तळ शून्य नसून ४६० आहे.

बार चार्ट बघताना आपण आकडे वाचायच्या आधी लांबी बघतो, दुप्पट लांब म्हणजे दुप्पट. बारचं काम तेवढंच, लांबीने प्रमाण सांगायचं. आणि प्रमाण बरोबर तेव्हाच येतं जेव्हा प्रत्येक बार शून्यापासून निघतो. इथे प्रत्येक बारमधून सारखेच ४६० कापले, पण सारखं कापलं म्हणून प्रमाण सारखं राहत नाही, ज्याच्याकडे कमी होतं त्याचं जवळजवळ सगळंच गेलं:

```
खरं प्रमाण:    512 / 478 = 1.07
चित्रातलं:     (512 - 460) / (478 - 460) = 52 / 18 = 2.9
```

म्हणजे खरा फरक ७ टक्के, आणि चित्रात बी हा डीपेक्षा १८९ टक्क्यांनी जास्त. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मध्ये असल्या चित्रांसाठी एक माप सुचवलं होतं, चित्रातला बदल भागिले आकड्यातला बदल, म्हणजे प्रामाणिक चित्रात ते १ च्या आसपास यायला हवं. तुमच्या चार्टमध्ये ते २६ च्या वर जातं.

आणि हे तळाचं मूल्य किती घेतलं त्यावर वाटेल तेवढं ताणता येतं. ४६० ऐवजी ४७० घेतलं असतं तर बी डीच्या पाचपटीच्याही वर दिसला असता, आकडे तेच.

सदाशिवपेठी

म्हणजे कमिटीने मुद्दाम केलं असंच तुमचं म्हणणं ना?

आकडेमोड

नाही, उलट मला वाटतं नसावं. एक्सेल हे स्वतःहून करतो. सगळे आकडे धन असतील आणि सगळ्यात मोठा नि सगळ्यात छोटा यांच्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशाहून कमी असेल, तर तो तळ शून्यावर ठेवत नाही. इथे ५१२ चा सहावा भाग ८५, फरक फक्त ३४. मग तो छोट्या आकड्यातून फरकाचा निम्मा वजा करतो, ४७८ वजा १७ म्हणजे ४६१, आणि त्याच्या खालच्या गोल आकड्यावर थांबतो, ४६०. पट्टीने आपल्याला तेच मिळालं. म्हणजे ज्याने केलं त्याने बहुतेक आकडे निवडले, चार्टचं बटण दाबलं आणि स्क्रीनशॉट पाठवला. अक्ष पुसणं मात्र हाताने करावं लागतं, पण ते लोक "स्वच्छ दिसतं" म्हणूनही करतात.

दुरुस्ती करायची तर अक्षावर राइट क्लिक, `Format Axis`, तिथे `Bounds` खाली `Minimum` मध्ये 0 टाइप करायचं, बस. अक्ष दिसत नसेल तर आधी `Chart Elements` मधून परत आणायचा.

निफ्टीनाना

थांबा थांबा, मग निफ्टीचा चार्ट पण शून्यापासून काढायचा का? सगळी वर्षभरची हालचाल एक सरळ रेघ दिसेल, कोणाला काही कळणार नाही. प्रत्येक चार्ट शून्यापासून हवा हे खूळ आहे. तापमानाचंच घ्या ना, पुण्यात शून्य कधी आलंय का.

आकडेमोड

नाना, तुमची दोन्ही उदाहरणं चांगली आहेत पण बारला लागू होत नाहीत. निफ्टीची रेघ असते, रेघेत आपण उंची नाही तर चढउतार बघतो, तिथे तळ शून्य नसला तरी चालतं, अक्षावर आकडे असले की झालं. तापमानाची गंमत अशी की सेल्सियसचं शून्य हे पाणी गोठण्यावर ठरवलेलं, "तापमान अजिबात नाही" असा त्याचा अर्थ नाही, म्हणून ४० अंश म्हणजे २० च्या दुप्पट गरम असं म्हणता येत नाही. मग तिथे बार काढूच नये, ठिपके किंवा रेघ काढावी. पाण्याच्या लिटरला मात्र खरं शून्य आहे, नळ बंद म्हणजे शून्य.

कर्वेनगर_कन्या

मी कॉलेजात शिकवते, मुलांना सांगते की अक्ष कापायचाच असेल तर तळाशी नागमोडी तोडखूण काढा, बारवरही. म्हणजे बघणाऱ्याला कळतं की मधला भाग गाळलाय. तो पर्याय पण आहे की.

आकडेमोड

नियम म्हणून तोडखूण काढणं न काढण्यापेक्षा बरं, पण तिचा उपयोग वाटतो तितका होत नाही. कॉरेल, बर्टिनी आणि फ्रँकोनेरी यांनी २०२० मध्ये हेच तपासलं, लोकांना कापलेला अक्ष आणि तोडखूण दोन्ही दाखवून फरक किती मोठा वाटतो विचारलं. कापलं की फरक मोठा वाटतो, आणि खूण दिसत असूनही तो परिणाम फारसा कमी झाला नाही. सदाशिवपेठींच्या "आकडे लिहिलेत ना" याचंही थोडंफार उत्तर यात आहे, ग्रुपवरच्या काकांनी आकडे बघूनच तिप्पट लिहिलं ना.

नाना, खरं तर त्यांना रेघांच्या चार्टमध्येही हाच परिणाम दिसला होता, म्हणजे मी वर "रेघेत चालतं" म्हणालो ते सगळ्यांना मान्य असलेलं नाही. माझं मत अजूनही तेच, पण त्यावर वाद आहे.

बाणेरकर_बी_विंग

हे भारी आहे, पट्टीचं तर कोणालाही समजेल. म्हणजे मी शून्यापासूनचा चार्ट काढून दाखवतो, चारही बार जवळपास सारखे दिसतील, आणि विषय संपला?

आकडेमोड

विषय संपेलच असं नाही, आणि इथे तुम्हाला कदाचित आवडणार नाही. शून्यापासूनचा चार्ट म्हणतो की वापर साधारण सारखाच आहे, आणि ते खरं आहे. पण फरक बिनमहत्त्वाचा आहे असं तो म्हणत नाही. बी आणि डीमधले ३४ लिटर गुणिले ५६ फ्लॅट गुणिले ३० दिवस, होतात ५७,१२० लिटर. दहा हजारी टँकर धरला तर महिन्याला साडेपाचहून जास्त टँकर. उन्हाळ्यात टँकरचे दर बघता कोणी प्रश्न विचारला तर तो चुकीचा नाही.

म्हणून मी असतो तर दोन चित्रं दाखवली असती. पहिलं शून्यापासून, एकूण वापराचं. दुसरं फक्त फरकाचं: चारींची सरासरी ४९२.५, त्यापासून बी १९.५ ने वर, सी १.५ ने वर, ए ६.५ ने खाली, डी १४.५ ने खाली. इथेही बार शून्यापासूनच निघतात, फक्त शून्य म्हणजे सरासरी, आणि ते वर ठळक लिहायचं. मग मोठा बार दिसला तर तो फरकाचाच मोठेपणा असतो, त्याला कोणी एकूण वापर समजणार नाही. सरासरीच्या वरचं बीचं पाणी महिन्याला साधारण तीन टँकर एवढं.

सदाशिवपेठी

म्हणजे शेवटी बी विंग जास्तच वापरते. मी तेच म्हणत होतो.

कर्वेनगर_कन्या

तुम्ही असं कुठे म्हणालात हो? पण मला एक शंका, फ्लॅटमागे सरासरी काढताना ५६ ने भागलंय की राहत्या फ्लॅटने? डी विंगमध्ये बंद फ्लॅट जास्त असतील तर ७ टक्के सहज येतील, आणि बीमध्ये भाड्याने चारचार पोरं राहत असतील तर तेही. मग हे चित्र कितीही शून्यापासून काढा, भांडण तेच राहणार.

मृदुला_ताई

आणि मीटर तपासा. साध्या मीटरमध्ये दोन टक्के इकडेतिकडे चालतं असं आमच्या प्लंबरने सांगितलेलं.

आकडेमोड

कन्या, अगदी. भागलंय कशाने हे चार्टवरून कळत नाही, आणि पट्टीने ते मोजताही येत नाही. मृदुला ताई, ७ टक्के फक्त मीटरच्या चुकीने येणं अवघड, पण सी आणि एमधला ८ लिटरचा फरक मात्र मी त्यात धरला असता.

बाणेरकर_बी_विंग

सेक्रेटरींना फोन केला. चार्ट त्यांच्या मुलाने एक्सेलमध्ये केलाय, अक्ष "गर्दी वाटली" म्हणून काढला म्हणे. मूळ शीट पाठवतो म्हणालेत. बंद फ्लॅट किती विचारलं तर म्हणाले ते रजिस्टर वॉचमनकडे आहे आणि तो गावी गेलाय. तर रविवारपर्यंत दोन्ही चित्रं तयार ठेवतो, भागाकाराचं मात्र तेव्हाच कळेल. बंद फ्लॅट कसे धरायचे यावर कोणाच्या सोसायटीत काही ठरलेलं असेल तर लिहा.