मदत हवी आहे: आम्ल विरल करण्याच्या सूचना सिंहलीत निःसंदिग्ध कशा लिहाव्यात?

श्रीलंकेतील शालेय प्रयोगशाळेसाठी मी संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याच्या सूचना सिंहलीत आणत आहे. आम्ल पाण्यात थोडे थोडे, ढवळत घालायचे असते. उलट केल्यास आम्लापेक्षा हलके असलेले पाणी वरच राहून उष्णतेने उकळते आणि आम्ल अंगावर उडते. सिंहलीत ‘जलयट अम्लय एकतु करन्न’, म्हणजे ‘पाण्यात आम्ल घाला’, या वाक्यात कशात काय घालायचे हे केवळ ‘ट’ प्रत्यय सांगतो, आणि निषेधासाठी ‘करन्न’चे ‘नोकरन्न’ होते, म्हणजे वाक्याच्या अगदी शेवटी एका अक्षराने अर्थ फिरतो. घाईत वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून ते अक्षर सुटेल, ही माझी खरी काळजी आहे.

क्रमाचीही अडचण आहे. ‘बाटली उघडण्यापूर्वी चष्मा घाला’ अशी रचना सिंहलीतही, मराठीसारखीच, नंतरची कृती आधी सांगते. म्हणून मी दोन्ही कृतींना स्वतंत्र क्रमांक दिले आहेत.

सिंहली जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे: निषेध कृतीच्या पायरीआधी वेगळ्या चौकटीत, धोक्याच्या कारणासह द्यावा, की त्या पायरीतच? आणि शाळकरी वाचकांना ‘नोकरन्न’पेक्षा बोलीतील ‘करन्न एपा’ अधिक ठळकपणे जाणवेल का?